न मिळालेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत

विद्यापीठाच्या फाटकासमोर, भिंतीला टेकवून टेबलं मांडून जे टायपिस्ट बसतात, त्यांतल्या तिसऱ्यानं तिच्यासमोर कागद सरकवला आणि म्हणाला, वाचून घ्या ताई, नाव आणि आसन क्रमांक तेवढे बघा. बाकीचा मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो, तो काही बघायची गरज नाही. आता ठिणगीला कुणी सांगितलं की अमुक बघायची गरज नाही, की ती आधी नेमकं तेच बघणार. ठिणगी हे काही तिचं खरं नाव नाही. मामानं ती चार वर्षांची असताना ठेवलेलं, आणि तेव्हापासून घरादाराला तेच तोंडात बसलेलं.

तर तिनं वाचलं. मी, खाली सही करणार, सज्ञान, शपथेवर लिहून देते की माझी अंतिम वर्षाची मूळ गुणपत्रिका माझ्या निष्काळजीपणामुळे प्रवासात गहाळ झाली असून कसून शोध घेऊनही सापडलेली नाही. ती मी कोणाकडेही गहाण अथवा तारण ठेवलेली नाही. पुढेमागे सापडल्यास विद्यापीठाकडे जमा करीन. वरील मजकूर खोटा आढळल्यास मी कायद्यानं शिक्षेस पात्र राहीन. खाली सहीसाठी मोकळी जागा, आणि त्या जागेवर टायपिस्टानं आपल्या पेन्सिलनं फुली मारून ठेवलेली.

"मामा, हरवायला वस्तू आधी हातात यावी लागते," ती म्हणाली. "माझ्या हातात ही आलीच कधी?"

मामा शेजारीच उभा होता, काखेत फाइल, खिशाला दोन पेनं. त्यानं टायपिस्टाकडे बघून हसल्यासारखं केलं, म्हणजे पोरगी जरा तापट आहे, मनावर घेऊ नका. आणि आई? आई मामाच्या पलीकडे उभी होती आणि पर्सची चेन उघडझाप करत होती. ती सकाळपासून तेच करत होती.

आता हे काय प्रकरण आहे ते नीट सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटायचं की पोरगी उगाच आकांडतांडव करते.

गुणपत्रिका छापते विद्यापीठ, पण ती विद्यार्थ्याच्या हातात देतं कॉलेज. विद्यापीठाकडून कॉलेजात गठ्ठे येतात, कॉलेजचा कारकून एकेकाला खिडकीवर बोलावतो, वाटपाच्या यादीत नावापुढे सही घेतो आणि गुणपत्रिका देतो. सही झाली की कॉलेज मोकळं. पुढे तुमची गुणपत्रिका उंदरांनी खाल्ली की पाण्यात भिजली, कॉलेजला देणंघेणं नाही. आणि ठिणगीच्या कॉलेजात हे वाटप करणारा हेडक्लार्क कोण, तर तिचा सख्खा मामा. हा माणूस नियमाला असा पक्का की सगळं कॉलेज त्याला नियमवाले म्हणायचं. ओळखपत्र घरी राहिलं म्हणून त्यानं पोरांना भर उन्हात परत पाठवलेलं आहे. एका मुलीच्या आजारी वडिलांना सहीसाठी जिने चढायला लावलेले आहेत. नियम म्हणजे नियम, हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नाही असा एक विद्यार्थी त्या कॉलेजातून बाहेर पडलेला नाही.

पण घरची पोरगी म्हटल्यावर नियमवाले विरघळले. ठिणगी तेव्हा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून जात होती, सुट्टी मिळत नव्हती. मामा म्हणाला, तू कशाला येतेस, मी यादीच घरी घेऊन येतो. रविवारी आला, चहा घेतला, यादी काढली, म्हणाला कर सही, उद्या प्राचार्यांना यादी पूर्ण करून द्यायची आहे. गुणपत्रिका उद्या संध्याकाळी येताना आणतो. तिनं केली सही. सख्ख्या मामाला कोण म्हणणार की आधी वस्तू दाखव, मग सही? ज्या मामानं बाबा गेल्यावर फी भरली, ज्याच्या स्कूटरवरून ती शाळेत गेली, त्याच्याजवळ असला हिशेब कोण करतं?

सोमवारी संध्याकाळी ती कामावर होती. मंगळवारी विचारलं तर मामा म्हणाला, ऑफिसातच राहिली बघ, उद्या आणतो. मग कपाटाची चावी साहेबांकडे होती. मग ऑडिट होतं. मग सुट्ट्या आल्या. असं करत करत महिना गेला, आणि एके दिवशी तिनं जरा आवाज चढवून विचारलं, तर मामानं शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाला, अगं, ती तर मी दिली होती की घरी. तुझ्या कपाटात बघ. तूच कुठेतरी ठेवली असशील.

तेव्हापासून तिनं घर उलथंपालथं केलं. कपाटं, गाद्यांखाली, जुन्या वह्या, रद्दीचे गठ्ठे, धान्याच्या डब्यांमागे. दोन रात्री झोप नाही. एकदा तर तिला स्वतःलाच वाटायला लागलं की खरंच मिळाली असेल का आपल्याला? आपण वेड्या तर झालो नाही ना? बघा, माणसाला एकच खोटी गोष्ट वडीलधाऱ्यांनी शांत आवाजात चार वेळा सांगितली की तो स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. यासारखा दुसरा छळ नाही. मावश्यांना, काकूंना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना एव्हाना कळलं होतं की पोरीनं गुणपत्रिका हरवली. कळवलं कुणी, तर मामानं. वरून म्हणायचा, वय आहे, होतं असं, ओरडू नका तिला. मोठेपणा असा की अंगाची लाहीलाही व्हावी.

आणि एवढ्यात इस्पितळानं तिला कायम नोकरीचं पत्र दिलं. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून. हे पत्र मिळावं म्हणून पोरीनं वर्षभर लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासत, शिकाऊच्या तुटपुंज्या पगारावर, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. अट एकच. रुजू होण्याआधी सगळी मूळ प्रमाणपत्रं दाखवायची. संकेतस्थळावरून छापलेला निकाल चालणार नाही, मूळ नसेल तर विद्यापीठाची दुय्यम प्रत आणा. तिथल्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली, आणि सांगितलं की त्यानंतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल. महिना संपायला आता जेमतेम आठवडा राहिला होता.

म्हणून आज सगळा लवाजमा विद्यापीठात. दुय्यम प्रतीसाठी काय काय लागतं ते मामाला तोंडपाठ होतं, त्याचा तो पोटापाण्याचाच धंदा. कुलसचिवांच्या नावे विहित नमुन्यातला अर्ज, त्यावर प्राचार्यांची शिफारस. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर केलेलं. पोलिसात हरवल्याची नोंद. ओळखपत्राची आणि परीक्षेच्या प्रवेशपत्राची प्रत. शुल्क पाचशे, तातडीनं हवी असेल तर दुप्पट, आणि ते ऑनलाइन भरून पावती अर्जाला जोडायची. तातडीची प्रत तीन कामाच्या दिवसांत मिळते, साधी पंधरा दिवसांत. हे सगळं मामानं जमवलं होतं. प्राचार्यांची सही आणली होती, दुप्पट शुल्क आपल्या खिशातून भरलं होतं. पोलिसातली नोंदसुद्धा त्यानंच तिच्या नावानं ऑनलाइन भरून टाकली होती, बसमध्ये हरवली म्हणून, आणि हे तिला आज, टायपिस्टाच्या टेबलापाशी, छापील कागद हातात आल्यावर कळलं.

ती भडकलीच. म्हणाली मी कुठल्या बसमध्ये बसले होते तेसुद्धा तूच ठरवलंस का? मामा म्हणाला हळू बोल. ती म्हणाली नाही बोलणार हळू. आजूबाजूचे टायपिस्ट माना वर करून बघायला लागले. मामानं तिला बाजूला घेतलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की हे सगळं नुसतं लिहिण्यापुरतं असतं, नमुनाच तसा आहे, कुणी तपासत नाही. तू नोकरी बघ, कागद कशाला बघतेस. आणि त्याचं एक वाक्य खरं होतं, ते त्यानं अगदी शेवटी, दुसरीकडे बघत म्हटलं. त्याची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. गुणपत्रिका कारकुनाच्या ताब्यातून गेली असं कागदावर आलं तर चौकशी लागते, आणि चौकशी चालू असली की पेन्शनचे कागद अडकतात.

म्हणजे त्याला माहीत होतं. तोंडानं कबूल करत नव्हता, पण माहीत होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. एवढंच जर तो पहिल्या दिवशी म्हणाला असता, की ठिणगे, माझ्या हातून गेली गं, मला सांभाळून घे, तर तिनं काय केलं नसतं? डोळे मिटून सही केली असती. बसमध्ये काय, विमानात हरवली म्हणून लिहून दिलं असतं. पण नाही. हा माणूस स्वतः हरवून वर तिलाच घराची झडती घ्यायला लावत होता.

मग आई पुढे झाली. तिनं तिचा दंड धरला, म्हणाली माझ्यासाठी कर. डोळ्यांत पाणी. आईच्या डोळ्यांत पाणी आलं की ठिणगीचं काही चालत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात. तिनं दात ओठ खात सही ठोकली. नोटरी शेजारच्याच गाळ्यात होता. त्यानं ना तिच्याकडे बघितलं ना मजकुराकडे, फोनवर कुणाशी तरी प्लंबरबद्दल बोलत बोलत शिक्का मारला, वहीत सही घेतली आणि पुढच्याला हात केला. झाली शपथ.

दुय्यम प्रतींची खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली. रांग फार नव्हती. खिडकीतला कारकून मामाच्या ओळखीचा निघाला, नमस्कारचमत्कार झाले. त्यानं अर्ज तपासला, पावती तपासली, प्रतिज्ञापत्र उलटसुलट केलं आणि चष्म्यावरून ठिणगीकडे बघून उपदेश सुरू केला. काय हो ताई, एवढी महत्त्वाची वस्तू, ती सांभाळता येत नाही? रोज आमच्याकडे ढीग येतात तुमच्यासारख्यांचे. मोबाइल बरा हरवत नाही तुमचा.   ठिणगीनं ठरवलं होतं की आज काहीही झालं तरी गिळायचं.

आणि तेवढ्यात मामा हसत म्हणाला, "अहो, आजकालची पोरं. आम्ही यांना हातात द्यायचं, आणि यांनी हरवायचं."

बस्स. खिडकीच्या फटीतून हात घालून तिनं सगळा गठ्ठा ओढून बाहेर काढला. कारकून अहो अहो करत उठला. तिनं त्यातलं प्रतिज्ञापत्र वेगळं काढलं आणि सगळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले, शिक्क्यासकट. रांगेतला एक मुलगा मागे सरकला. मामाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो म्हणाला, वेड लागलंय का तुला? आणि ती म्हणाली की हो, तू लावलंस ते.

मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून तिनं फाइलमधला कोरा कागद काढला आणि स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. तिचं अक्षर सुरेख आहे, प्रयोगशाळेत नमुन्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून आणखी सुधारलेलं. प्रति, कुलसचिव. विषय, अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळण्याबाबत. महोदया, माझी मूळ गुणपत्रिका मला कधीच मिळालेली नाही. वाटपाच्या यादीवर माझी सही आहे, पण ती गुणपत्रिका मिळण्याच्या आधी माझ्या घरी घेण्यात आली. गुणपत्रिका कॉलेजच्या हेडक्लार्ककडून गहाळ झाली आहे. असं असताना ती माझ्या निष्काळजीपणामुळे हरवली अशी खोटी शपथ मी घेणार नाही. खरी हकीगत सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यायला मी तयार आहे. शुल्क भरलेलं आहे, पावती जोडली आहे. नोकरीवर रुजू व्हायची मुदत महिनाअखेर आहे.

खिडकीनं तो घेतला नाही. कारकुनाचं म्हणणं, न मिळालेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत अशी भानगडच नसते. मिळाली आणि हरवली, किंवा मिळाली आणि फाटली, असे दोनच रकाने. सही आहे म्हणजे मिळाली. न मिळाल्याची तक्रार असेल तर कॉलेजकडे जा, कॉलेज आम्हाला लिहील, आम्ही कॉलेजला लिहू. त्यात महिनाअखेर कधीच निघून गेली असती. ठिणगीनं विचारलं, कुलसचिव कुठे बसतात? कारकून हसला आणि म्हणाला की पहिल्या मजल्यावर, पण त्या काय गुणपत्रिकांसाठी बसलेल्या नाहीत. ती जिना चढायला लागलीसुद्धा. मागून मामा, त्याच्या मागून आई.

बाहेरच्या खोलीत कुलसचिवांचा स्वीय सहायक होता. भेटीची वेळ घेतली आहे का, विषय काय, अर्ज आवक विभागात द्या. ठिणगी म्हणाली मी उभी राहते. दुपारची जेवणाची वेळ गेली, ती उभीच. मामा तिच्या कानाशी लागला होता. चल, अजून वेळ गेलेली नाही, दुसरा स्टॅम्प पेपर घेऊ, मी त्या कारकुनाला सांगतो. मग धाकानं बोलला, मग लाडीगोडीनं. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाखालचा पंखा बघत राहिली. आई बाकावर बसून पुन्हा पर्सची चेन उघडझाप करत होती.

शेवटी कुलसचिव बाईच बाहेर आल्या, कुठल्याशा बैठकीला निघाल्या होत्या. केस आखूड, हातात पाण्याची बाटली, चालण्यात घाई. ठिणगी आडवीच गेली. म्हणाली, मॅडम, दोन मिनिटं. बाईंनी अर्ज हातात घेतला तो परत द्यायच्या बेतानंच, पण वाचता वाचता त्यांची पावलं थांबली. त्या परत आत वळल्या आणि म्हणाल्या या.

आत त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. विचारलं, हेडक्लार्क म्हणजे कोण? ठिणगी म्हणाली माझे मामा, बाहेर उभे आहेत. बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे जरा वेळ बघितलं, मग सहायकाला सांगून मामाला आत बोलावलं. आईही त्याच्यामागून आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण अडवलंही नाही. ती दाराशीच उभी राहिली.

मामा आत आला तोच वेगळा माणूस होऊन. पाठीला बाक, हात जोडलेले, आवाजात मध. मॅडम, लहान आहे, नोकरीचं टेन्शन आहे तिला. बाईंनी त्याला मध्येच तोडलं. म्हणाल्या, मला एवढंच सांगा, ही गुणपत्रिका तुम्ही हिला दिली का?

ठिणगी त्याच्याकडे बघत होती. तिला अजूनही वाटत होतं, खरं सांगतो, अजूनही वाटत होतं की आता तरी हा म्हणेल. इथे मावश्या नाहीत, शेजारी नाहीत. भाचीची नोकरी चालली आहे आणि एका होकारावर सगळं अडलं आहे. एवढा काही वाईट नाही माझा मामा.

"मॅडम, यादीवर सही तिचीच आहे," मामा म्हणाला. "तिला मिळाली नाही याचा काही पुरावा आहे का तिच्याकडे?"

 गंमत म्हणजे ठिणगीला राग आलाच नाही. पुरावा. चहा पिता पिता घेतलेल्या सहीचा पुरावा मागत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या ठिणगीकडे वळून काहीतरी समजुतीचं बोलणार होत्या, म्हणजे बाळ, सही असल्यावर आमचा नाइलाज आहे, असंच काहीतरी, कारण नियमानं त्यांना दुसरं काही म्हणताच आलं नसतं.

"मी आहे," दाराशी आई म्हणाली.

मामा वळला. म्हणाला, तू गप्प बस. आईनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती टेबलापर्यंत आली, खुर्चीची पाठ धरली आणि बाईंना सगळं सांगितलं, न थांबता, जणू कुणी मध्ये बोललं तर पुन्हा जमणार नाही. सोमवारी संध्याकाळी दादा घरी आला होता. पोरगी कामावर होती. त्यानं बॅग उघडली, सगळी उपसली, खाली बसला. म्हणाला पाकीटच नाही. बाजारात थांबलो होतो, बँकेत थांबलो होतो, कुठे पडलं कळत नाही. घाम फुटला होता त्याला. म्हणाला तिला सांगू नकोस, मी शोधतो. मग नाही सापडलं, तर म्हणाला आता कळलं तर माझी पेन्शन जाईल. तूच सांग, मी तुम्हाला कधी उघड्यावर टाकलं का? आणि त्यानं नव्हतंच टाकलं. म्हणून मी नाही सांगितलं.

मामा मटकन बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं.

कुलसचिव बाईंनी आईचं नाव, नातं विचारून घेतलं, टिपून घेतलं. मग मामाला म्हणाल्या, सही घेतल्याशिवाय गुणपत्रिका द्यायची नाही हा नियम तुम्हाला पाठ आहे. गुणपत्रिका दिल्याशिवाय सही घ्यायची नाही, हाही त्याच नियमाचा अर्धा भाग आहे, तो कुणी शिकवला नाही का? आवाज चढला नव्हता, पण मामा मान वर करू शकला नाही. मग त्यांनी भराभर सांगितलं. पोलिसातली ती खोटी नोंद आजच मागे घ्यायची, आणि ज्याच्या हातून गहाळ झाली त्यानं स्वतःच्या नावानं नवीन करायची. मुलीनं खरी हकीगत लिहून प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याच्या पुष्टीसाठी आईनं वेगळं द्यायचं. प्राचार्यांशी त्या स्वतः फोनवर बोलतील. एवढं झालं की तातडीची प्रत काढायला त्या सांगतील, आणि मुलीच्या नावानं भरलेलं शुल्क कॉलेजकडून वसूल करायला लावतील. चौकशीचं काय, ते नंतर बघू. त्या उठल्या, पाण्याची बाटली घेतली आणि बैठकीला गेल्या.

तिघं खाली जिन्याशी आले. मामा पोलीस ठाण्याकडे निघाला, फाइल काखेत, पेनं खिशाला, फाटकातून बाहेर पडताना त्यानं एकदा मागे वळून बघितलं. ठिणगी त्याच्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

"मी माळ्यावर चढून ट्रंका काढत होते," ती म्हणाली. "तू खाली स्टूल धरून उभी होतीस. तुला माहीत होतं."

आईनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण हो. म्हणाली, मला वाटलं तू शोधशील, मिळणार नाही, दमशील आणि गप्प बसशील. मला वाटलं तुला दुसरी मिळेल. दादाला दुसरं काय मिळणार? ठिणगीला ओरडायचं होतं.  मामावर रागावणं सोपं होतं. हा राग वेगळा होता, त्याला धरायला कुठे मूठच नव्हती. दोन रात्री ती आपलं डोकं फिरलं का म्हणून रडली होती, आणि त्या रात्री हीच बाई तिच्या डोक्यावर तेल घालत, झोप आता, म्हणत होती.

टायपिस्टानं दोन नवे स्टॅम्प पेपर काढले. पहिलं तिचं, ते तिनं सांगितलं तसं झालं. आईच्या वेळी तो म्हणाला, मजकूर द्या लिहून, आमच्याकडे याचा नमुना नाही. आईनं पेन घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मग तिनं पेन मुलीपुढे धरलं.  घड्याळ पुढे चाललं होतं, खिडकी बंद व्हायला फार वेळ नव्हता, आणि महिनाअखेर कुणासाठी थांबणार नव्हती. ठिणगीनं पेन घेतलं आणि टेबलाच्या कोपऱ्याशी वाकून लिहायला लागली. आई सांगत होती, ती लिहीत होती. मी, अर्जदार मुलीची आई, शपथेवर लिहून देते. गुणपत्रिका सोमवारी संध्याकाळी माझ्या भावाच्या हातून गहाळ झाल्याचे त्याने मला त्याच दिवशी सांगितले. मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

हे वाक्य तिला आपल्या सुरेख अक्षरात, मी म्हणून लिहावं लागलं. तिनं लिहिलं. पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबून लिहिलं.

आई म्हणाली, "आणि लिही की माझी मुलगी निष्काळजी नाही."

ठिणगी म्हणाली की प्रतिज्ञापत्रात नुसत्या घडलेल्या गोष्टी असतात, असलं काही लिहीत नाहीत, त्याची गरज नाही.

"लिही तू," आई म्हणाली. "मला त्यावर सही करायची आहे."

तिनं तेही लिहिलं. तिचा राग काही गेला नव्हता, आणि तो लवकर जाणारही नव्हता. टायपिस्टानं कागद ओढून घेतला, स्टॅम्प पेपर मशीनमध्ये घातला आणि विचारलं की शेवटचं वाक्यही ठेवायचं ना. आई हो म्हणाली.